उसना कोट आणि चिकटवलेला कोट

पूर्वी तालुक्याच्या गावातल्या फोटो स्टुडिओत गेलं की आरशाशेजारच्या खुंटीला एक काळा कोट टांगलेला असायचा. लग्नासाठी फोटो काढायला आलेल्या मुलाला फोटोग्राफर विचारायचा, "कोट घालणार ना?" कोटाबरोबर गाठ मारून ठेवलेला टायही मिळायचा, तो इलॅस्टिकने गळ्यात अडकवायचा. कोट सैल झाला तर पाठीमागे चिमटे लावून ओढून धरायचे. गावातल्या कितीतरी उपवर मुलांच्या फोटोंत तो एकच कोट असे आणि मुलीकडच्या मंडळींनाही ते ठाऊक असे. मुलींचंही तसंच. स्वतःकडे चांगली साडी नसली तर मावशीची किंवा शेजारच्या काकूंची पैठणी मागून आणायची, नेसून फोटो काढायचा आणि नीट घडी घालून परत द्यायची.

आता खुंटीवरचा तो कोट गेला. फोटो काढून झाल्यावर दुकानदार विचारतो, "ब्लेझर लावून देऊ?" त्याच्या संगणकात नुसत्या सुटांचे फोटो साठवलेले असतात. गळ्यापासून कमरेपर्यंत सूट, वर चेहऱ्याची जागा रिकामी. आपला चेहरा त्या जागी बसवला, मान थोडी ताणली किंवा दाबली की पाच मिनिटांत फोटो तयार. हे काम गेली कित्येक वर्षं चालू आहे. त्यात भर पडली ती फोनवरच्या एआयची. सप्टेंबर २०२५ मध्ये गूगलच्या जेमिनीने साध्या सेल्फीवर जुन्या सिनेमातल्यासारखी साडी चढवून देण्याची लाट आली होती, ती आठवत असेल. तेव्हा ती गंमत होती आणि सगळ्यांना ती गंमत आहे हे माहीत होतं. पण तोच फोटो बायोडेटाच्या पहिल्या पानावर बसला की तिथे तसं कुणाला माहीत नसतं.

उसना कोट आणि चिकटवलेला कोट यांत एक मोठा फरक आहे आणि या लेखाचा सगळा भार त्या फरकावर आहे. उसना कोट माणसाच्या अंगावर चढलेला असतो. खांदे उतरते असतील तर ते त्या कोटातही उतरतेच दिसतात, पोट सुटलं असेल तर बटण ताणलेलं दिसतं. कॅमेऱ्याने त्या दिवशी त्या माणसाला पाहिलेलं असतं. चिकटवलेल्या कोटात खांदे कोटाचे असतात, छाती कोटाची असते आणि माणसाचा राहतो फक्त चेहरा. मावशीची पैठणी नेसलेली मुलगी ही तीच मुलगी असते. यंत्राने नेसवलेल्या पैठणीतलं शरीर मात्र यंत्राने अंदाजाने काढलेलं असतं.

हा अंदाज कसा होतो ते थोडं समजून घ्यायला हवं, कारण बहुतेक लोकांना वाटतं की कपडे बदलले म्हणजे फक्त कपडे बदलले. आपण यंत्राला सांगतो, 'ड्रेसच्या जागी साडी दे.' यंत्र काही मूळ शरीरावर साडी गुंडाळत नाही. ड्रेसखाली काय आहे हे त्याला दिसलेलंच नसतं. ते ड्रेस असलेला सगळा भाग पुसतं आणि तिथे साडी नेसलेली बाई कशी दिसेल ते नव्याने रंगवतं. ते रंगवताना आधार असतो तो शिकताना पाहिलेल्या असंख्य फोटोंचा, आणि अशा फोटोंत जाहिरातींतल्या, सिनेमांतल्या, सजूनधजून काढलेल्या फोटोंचा भरणा मोठा. त्यामुळे कंबर बारीक होते, दंड सडसडीत होतात, हाताची त्वचा चेहऱ्यापेक्षा उजळ येते आणि मग तो फरक मिटवायला चेहराही थोडा उजळतो. जुन्या पद्धतीच्या संगणकीय कामात निदान निवडलेल्या भागाबाहेर हात लागत नसे. नव्या साधनांत बहुधा पूर्ण चित्र पुन्हा तयार होतं. चेहरा ओळखीचा वाटतो, पण तो मूळ फोटोतून जसाच्या तसा उचललेला असेलच याची खात्री नसते.

एक उदाहरण घेऊन तपशिलात पाहू. मुलगी सांगलीची, वय सत्तावीस, नोकरी पुण्यात. स्थळं बघायला सुरुवात झाली आहे आणि बायोडेटासाठी फोटो हवा आहे. तिचा सगळ्यांत चांगला फोटो पन्हाळ्याच्या सहलीतला आहे. सैल कुर्ता, जीन्स, खांद्यावरून आडवा गेलेला पिशवीचा पट्टा, एक हात पाठीमागे, फोटो गुडघ्यापर्यंतचा. चेहऱ्यावर मनापासूनचं हसू. आई म्हणते, "फोटो छान आहे गं, पण बायोडेटाला जीन्स बरी दिसत नाही." मग धाकटा भाऊ म्हणतो, "थांब आई, मी साडी करून देतो." दोन मिनिटांत हिरवी पैठणी तयार होते. आई खूश, भाऊ खूश.

आता दोन्ही फोटो शेजारी ठेवून, बोटांनी मोठे करून सावकाश पाहू. पिशवीचा पट्टा गेला, त्याबरोबर तो खांदाही नव्याने काढला गेला. पाठीमागे असलेला हात पुढे आला आणि त्यात हिरव्या बांगड्या आल्या. हा हात या मुलीचा नाही, कारण तो मूळ फोटोत दिसतच नव्हता. कुर्ता सैल होता, म्हणून कंबर कशी आहे ते यंत्राला कळायला मार्गच नव्हता, तरी फोटोत ठसठशीत कंबर आली. फोटो गुडघ्यापर्यंतचा होता, तो पूर्ण उंचीचा करताना पाय लांब झाले. पाच फूट एक इंच उंचीची मुलगी पाहणाऱ्याला पाच-पाच वाटू लागली. पन्हाळ्याची तटबंदी जाऊन मागे वाड्याचा चौक आला, म्हणजे पाहणाऱ्याला वाटणार की घरचा वाडा आहे. आणि हनुवटीवरचा बारीक तीळ नाहीसा झाला. भावाने बदलायला सांगितली होती एक गोष्ट, बदलल्या सहा. यात कुणाच्या मनात कपट नव्हतं. पण हा फोटो पाहून होकार देणारं घर ज्या मुलीला होकार देतं, ती मुलगी अस्तित्वात नाही. आणि पहिल्या भेटीत समोरच्यांच्या चेहऱ्यावर जी क्षणभराची निराशा उमटते ती झेलावी लागते खऱ्या मुलीला, जिच्यात काहीही कमी नव्हतं. तिच्यावर होणारा हा अन्याय मला सगळ्यांत जास्त खुपतो.

मग फोटोवर लिहायचं काय? भाऊ पहिल्यांदा लिहितो, 'एआय फोटो'. हे पुरत नाही. वाचणाऱ्याला वाटतं मुलगीच बनावट, प्रोफाइलच खोटी. मग तो लिहितो, 'फोटो एडिट केलेला आहे'. हेही पुरत नाही, कारण उजेड वाढवलेला फोटोसुद्धा एडिट केलेलाच असतो आणि आजकाल प्रत्येकाचा फोन ते आपणहून करतो. जे सगळ्यांना लागू पडतं ते वाचून कुणाला काहीच कळत नाही. सूचनेत दोन गोष्टी हव्यात: काय बदललं आहे आणि कशावर विसंबू नये. म्हणून तिसऱ्या खेपेला असं लिहावं: 'साडी, दागिने आणि मागचं दृश्य संगणकावर तयार केलेलं आहे. चेहरा मूळ फोटोतला आहे. उंची आणि बांधा या फोटोवरून समजू नये. मूळ फोटो पुढच्या पानावर.'

पण थांबा, तीळ गेलेला आहे. म्हणजे 'चेहरा मूळ फोटोतला आहे' हे वाक्यच खोटं ठरतं, आणि सूचनेत खोटं असेल तर ती सूचना नसण्यापेक्षा वाईट, कारण वाचणारा तिच्यावर विश्वास ठेवतो. सूचना लिहिण्याआधी तपासणी करावीच लागते. मूळ आणि बदललेला, दोन्हींतले चेहरे फोन भरेल इतके मोठे करायचे आणि तीळ, व्रण, दातांची ठेवण, भुवया, नाकाचा शेंडा, कपाळावरची केसांची रेषा एकेक करून ताडून पाहायची. फरक दिसला तर मूळ चेहरा परत बसवायचा. ते जमत नसेल तर तो फोटो बायोडेटातून काढायचा.

आणि मूळ फोटो सोबत जोडायचाच. हा माझ्या मते सूचनेचा निम्मा भाग आहे. शब्दांनी सांगितलेला बदल प्रत्येक जण आपापल्या मनाने लहान किंवा मोठा करून घेतो. दोन फोटो शेजारी असले की बदल किती ते डोळ्यांना दिसतं. आपल्या उदाहरणातली मुलगी हे सगळं ऐकून कदाचित म्हणेल, "आई, अगं पन्हाळ्याचाच फोटो लाव ना पहिला. साडीतला हवाच असेल तर येत्या रविवारी नेसते." बऱ्याच घरांत हा प्रश्न तिथेच सुटेल. इतकी लांब सूचना लिहावी लागते आहे, हे लक्षात आलं की फोटोच बदलावासा वाटतो.

सूचना कुठे लिहायची हाही प्रश्न वाटतो तितका साधा नाही. अनेकांना वाटतं की ॲप आपोआप शिक्का मारतंच, मग आपण वेगळं कशाला लिहायचं? त्या शिक्क्यांचं काय होतं ते पाहा. जेमिनीत बनवलेल्या चित्राच्या कोपऱ्यात एक छोटी चांदणी येते. ती कातरून टाकायला एक क्षण लागतो, आणि पुष्कळदा ती मुद्दाम कुणी काढतही नाही, चौकटीत फोटो बसवताना कोपरा आपसूक जातो. काही साधनं फोटोच्या फाइलमध्ये लपलेली नोंद ठेवतात, की हे चित्र अमुक साधनाने बनवलं किंवा बदललं. ही नोंद चांगली, पण नाजूक. फोटोचा स्क्रीनशॉट काढला की ती राहत नाही, कारण स्क्रीनशॉट म्हणजे नवी फाइल. व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या पद्धतीने पाठवताना फोटो दाबून लहान केला जातो, तेव्हाही अशा नोंदी गळतात. आपल्याकडचा बायोडेटा भावाकडून आईकडे, आईकडून आत्याकडे, आत्याकडून मध्यस्थ काकांकडे आणि तिथून पाच-सात गटांत जातो. एवढ्या प्रवासात लपलेली नोंद टिकत नाही.

समाजमाध्यमांची कथा यापेक्षा बोलकी आहे. इन्स्टाग्राम आणि फेसबुक चालवणाऱ्या मेटाने मे २०२४ पासून फाइलमधल्या अशा नोंदी वाचून फोटोंवर 'Made with AI' असा शिक्का मारायला सुरुवात केली. फोटोग्राफर चिडले. खरा फोटो, त्यातला एखादा नको असलेला ठिपका पुसला, तरी शिक्का. जुलैत मेटाने शब्द बदलून 'AI info' केले. सप्टेंबरमध्ये आणखी एक बदल झाला: पूर्ण यंत्राने बनवलेल्या चित्रावरचा शिक्का वर राहिला, पण खऱ्या फोटोत एआयने फेरफार केला असेल तर ती खूण फोटोच्या मेनूत आत गेली. म्हणजे ज्या प्रकारात खरा चेहरा आणि खोटे कपडे एकत्र येतात, नेमक्या त्याच प्रकारात सूचना दिसायला बोटाने शोधावी लागते. फोटोग्राफरांची तक्रार रास्त होती. पण तिच्यावर काढलेला तोडगा स्थळ पाहणाऱ्या घराच्या कामाचा नाही.

म्हणून सूचना आपण लिहायची, मराठीत लिहायची आणि फोटोच्या आत लिहायची. फोटोखालची पांढरी पट्टी कातरली जाते, तेव्हा ती पट्टीवर नको. साडीच्या खालच्या भागावर, निऱ्यांवर लिहिली तर कातरताना फोटोच बिघडतो, त्यामुळे ती टिकते. अक्षर केवढं? फोटो फोनवर उघडावा, मोठा न करता हातभर अंतरावर धरावा आणि चाळिशी लागलेल्या माणसाला वाचायला द्यावा. वाचता आलं तर पुरे. बायोडेटाच्या पीडीएफमध्ये हीच ओळ फोटोशेजारी पुन्हा यावी. विवाह संकेतस्थळावर फोटोवर अक्षरं चालत नसतील तर 'माझ्याविषयी' या मजकुराची पहिली ओळ तीच असावी. शेवटची ओळ नको, कारण बहुतेक ठिकाणी शेवट पाहायला 'पुढे वाचा' दाबावं लागतं.

सूचना कधी लागत नाही हेही सांगायला हवं, नाहीतर माणूस उगाच धास्तावतो. उजेड वाढवला, फोटो सरळ केला, बाजूचा अनोळखी माणूस कातरला, तर काही लिहायची गरज नाही. साडीवरचा हळदीचा डाग पुसला तरी नाही. माझी कसोटी साधी आहे: बदललेल्या भागात माणसाचं शरीर येतं का, आणि त्या बदलाने समोरच्याला त्याच्याविषयी काही नवीन समजतं का? फ्रान्समध्ये ऑक्टोबर २०१७ पासून जाहिरातींसाठी असा नियम आहे. मॉडेलचं शरीर संगणकावर बारीक किंवा जाड केलं असेल तर 'फोटोत फेरफार केला आहे' असं छापावं लागतं. तिथे बघतात ती शरीराची बाह्यरेषा. कुर्त्याची साडी करताना बदलते तीही हीच बाह्यरेषा. जाहिरातीतल्या बाईशी कुणी संसार मांडत नाही, तरी तिथे सूचना लागते. बायोडेटात तर दोन घरं निर्णय घ्यायला बसलेली असतात.

काही फोटो मात्र सूचना लिहूनही चालणार नाहीत. पोलिसाची वर्दी, लष्कराचा गणवेश, वकिलाचा बँड, डॉक्टरचा पांढरा कोट, पदवीदानाचा झगा ही नुसती वस्त्रं नाहीत. ती घालणाऱ्याने काय मिळवलं आहे ते सांगतात. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलाने स्वतःच्या फोटोवर फौजदाराची वर्दी चढवली आणि खाली बारीक अक्षरात 'संपादित' लिहिलं, तर ते 'संपादित' कुणाच्या लक्षातही राहत नाही, वर्दी राहते. फसवण्याच्या हेतूने सरकारी नोकराचा किंवा सैनिकाचा वेश वापरणं हा आपल्या फौजदारी कायद्यात पूर्वीपासून गुन्हा आहे आणि नव्या भारतीय न्याय संहितेतही तो आहे. फोटोतली वर्दी त्या कलमात बसते की नाही हा वाद वकील घालतील. स्थळाच्या फोटोत ती मुळीच नको.

मंगळसूत्राचं थोडं वेगळं आहे. दुसऱ्या लग्नाला उभ्या असलेल्या बाईकडे चांगला फोटो एकच असतो, तोही पहिल्या संसारातला. त्यातलं मंगळसूत्र पुसून टाकणं ही फसवणूक नव्हे, जर शेजारी 'घटस्फोटित' किंवा 'विधवा' हे स्पष्ट लिहिलेलं असेल. तो शब्द नसेल आणि मंगळसूत्रही पुसलेलं असेल, तर पुढे काय होणार ते सांगायला नको. फोटो आणि मजकूर एकत्र वाचले जातात, तेव्हा दोन्ही मिळून खरं बोलत आहेत का हे पाहायचं.

आणखी एक गोष्ट फार सहज केली जाते आणि ती मला मान्य नाही: मुलीला न विचारता तिचे कपडे बदलणं. आई, मामा, मध्यस्थ, कुणीही असो. रोज जीन्स घालणाऱ्या, लग्नानंतरही घालायचा विचार असलेल्या मुलीचा फक्त साडीतला, तोही न नेसलेल्या साडीतला फोटो पाठवला तर तिच्या वतीने एक कबुली दिली जाते. सासरच्यांना वाटतं मुलगी अशी राहणारी आहे. नंतरच्या कुरबुरीचं बीज तिथे पडतं. ज्याचा फोटो त्याने सूचना वाचून 'पाठवा' म्हटल्याशिवाय फोटो घराबाहेर जाता कामा नये. मुलांच्या बाबतीतही हेच.

फोटो ज्यांच्या हाती पडतो त्यांच्यासाठी थोडं. बारकाईने पाहिलं तर साडी बोलते. खऱ्या साडीचा काठ ही एकच अखंड पट्टी असते. तो निऱ्यांतून दुमडत जातो, कमरेभोवती फिरतो आणि पदराच्या कडेने वर येतो, त्याची रुंदी सगळीकडे तीच. यंत्राच्या साडीत काठ निरीपाशी तुटतो, मध्येच रुंद होतो, किंवा खांद्यावरचा पदर नक्की कुठून आला तेच सापडत नाही. पैठणीच्या पदरावरचे मोर एकमेकांसारखे असायला हवेत, इथे एकाला मान असते तर दुसऱ्याचा नुसता रंगाचा गोळा होतो. नऊवारीचा काष्टा तर यंत्राला बहुधा जमतच नाही. ब्लेझरमध्ये गळ्याशी पाहावं: चेहऱ्यावर उजेड डावीकडून, कॉलरवर उजवीकडून, हनुवटीची सावली कॉलरवर नाही, खांद्यावर रुळणारे केस कॉलरपाशी कात्रीने कापल्यासारखे. गळ्यातली साखळी कातडीत विरघळलेली दिसते. जेमिनीच्या ॲपमध्ये फोटो टाकून तो गूगलच्या साधनाने बनवला आहे का असं विचारता येतं. त्या चित्रांत डोळ्यांना न दिसणारी खूण असते आणि ती कातरण्याने सहसा जात नाही. पण ती खूण सगळ्याच साधनांच्या चित्रांत नसते. ती सापडली नाही म्हणजे फोटो खरा, असं म्हणता येत नाही.

या खुणांवरून कुणावर आरोप करू नका. फोटो चार वेळा दाबला गेला की खऱ्या पैठणीचे मोरही गोळ्यासारखे दिसतात आणि कित्येक फोन आपणहून चेहरा गुळगुळीत करतात. शंका आली तर सरळ विचारायचं: "फोटो आवडला. रोजच्या कपड्यांतला एखादा अलीकडचा फोटो पाठवाल का? आम्हीही आमचा पाठवतो." दुसरं वाक्य महत्त्वाचं आहे. आपण आधी पाठवला तर समोरच्याला ती झडती वाटत नाही. कांदेपोह्यांच्या आधी पाच मिनिटांचा व्हिडिओ कॉल झाला तर प्रवासाचं भाडं आणि दोन्ही घरांची अवघड संध्याकाळ वाचते.

कायद्याचा आधार आहे, पण तो लांबचा. जून २०१६ मध्ये केंद्र सरकारने विवाह संकेतस्थळांसाठी सूचना काढल्या. त्यांचा भर सदस्याची ओळख पटवण्यावर होता, त्याच्या साडी-कोटावर नव्हता. फेब्रुवारी २०२६ मध्ये माहिती तंत्रज्ञानाच्या नियमांत बदल झाले आणि यंत्राने बनवलेल्या, खऱ्यासारख्या दिसणाऱ्या चित्रांवर ठळक सूचना बंधनकारक झाली. आधीच्या मसुद्यात सूचनेने चित्राचा किमान दहा टक्के भाग व्यापावा असं होतं, ते अंतिम नियमांतून वगळलं गेलं. मोठ्या समाजमाध्यमांनी फोटो टाकणाऱ्याकडून तसं निवेदन घ्यायचं आहे. साध्या, प्रामाणिक सुधारणांना सूट आहे. पण हे ओझं मुख्यतः कंपन्यांवर आहे, आणि आत्याच्या फोनवरून पुढे गेलेली पीडीएफ कोण तपासणार? राहिला लग्नानंतरचा मार्ग. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १२ प्रमाणे जोडीदाराविषयीच्या महत्त्वाच्या गोष्टीत फसवून संमती घेतली असेल तर विवाह रद्द करून मागता येतो, फसवणूक कळल्यापासून एका वर्षाच्या आत. नुसत्या रंगवलेल्या साडीसाठी त्या दाराशी जायची वेळ कुणावर येऊ नये, आणि तिथे ती टिकेल असंही मला वाटत नाही. हा प्रश्न कोर्टाच्या खूप अलीकडे, बायोडेटा तयार करणाऱ्या टेबलावर सुटतो.

म्हणून शेवटी विनंती आहे ती गावोगावच्या वधू-वर सूचक मंडळांना. तुमच्या नोंदणी अर्जात रास, नाडी, गण आणि रक्तगट विचारलेला असतो. चष्मा आहे का हेही विचारलेलं असतं, आणि लोक ते खरं लिहितात. त्या चष्म्याच्या रकान्याखाली पुढच्या छपाईत एक ओळ वाढवा: 'फोटोतील कपडे, दागिने किंवा पार्श्वभूमी संगणकावर बदलली आहे का? असल्यास काय बदलले ते लिहा व मूळ फोटो जोडा.'